गुरुजन पाठीमागे, मुलं समोर

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांमधून दहावीचा निरोप समारंभ होतो आणि त्यात साधारण एकच भाषण केलं जातं. करणारा दरवर्षी बदलतो, शाळा बदलते, भाषण तेच राहतं. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बंधू-भगिनींनो’ अशी सुरुवात. मग ‘आजचा दिवस आनंदाचा म्हणावा की दुःखाचा, तेच कळत नाही’. मग आईचं बोट धरून शाळेत आलेलं रडवेलं मूल, मग मातीचा गोळा आणि त्याला आकार देणारे गुरुजन. शेवटी ‘आमच्याकडून काही चुकलं असेल तर मोठ्या मनानं माफ करा’ आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’. हे दोन शब्द सहसा सहा-सात मिनिटं चालतात.

यात हसण्यासारखं फार काही नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगतं, की ज्यांनी तुला पाच-सहा वर्षं शिकवलं, रागावलं, घरी बोलावणं धाडलं, त्या सगळ्यांदेखत त्यांच्याबद्दल बोल. तेही माइकवर. अशा वेळी तयार वाक्यांचा आधार घेतला नाही तरच नवल. पूर्वी हा आधार निबंधांच्या आणि भाषणांच्या पुस्तकांत मिळायचा, आता मोबाइलवर मिळतो. साचा मात्र फारसा हललेला नाही.

सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या एका पाचवी ते दहावीच्या अनुदानित शाळेत या वर्षी, म्हणजे २०२६ च्या फेब्रुवारीत, असं एक भाषण घडताना मी पाहिलं. भाषण व्हायच्या आधीचे काही दिवस मी तिथे जाऊन-येऊन होतो. ते तयार कसं होतं, हे मला पाहायचं होतं. शाळेचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. मुलगी अजून शिकते आहे आणि भाषणातली एक गोष्ट शाळेच्या पाण्याच्या टाकीबद्दलची आहे.

समारंभाचा दिवस ठरवणं हीच पहिली कसरत असते. सराव परीक्षा जानेवारीत आटोपतात. फेब्रुवारी उजाडला की विज्ञानाची प्रात्यक्षिकं आणि तोंडी परीक्षा सुरू होतात. या वर्षी लेखी परीक्षा २० फेब्रुवारीपासून होती. या सगळ्याच्या मधे एक शनिवार शोधायचा. खर्च नववीचा. नववी वर्गणी काढते, फळ्यावर रंगीत खडूंनी मोर काढते, जेवणाचं बघते. इथे मसालेभात, गुलाबजाम आणि मठ्ठा ठरला होता. दहावी आपली वेगळी वर्गणी काढून शाळेला भेटवस्तू देते. मागच्या बॅचनं भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, त्याच्या आधीच्यांनीही घड्याळच दिलं होतं. या वर्षी वर्गात बरीच चर्चा होऊन पोडियम द्यायचं ठरलं.

आणि भाषण कोण करणार? हा प्रश्न बहुतेक शाळांत विचारलाच जात नाही. पहिला नंबर असतो तो करतो. इथल्या वर्गशिक्षिका मराठी शिकवतात. त्यांनी मराठीच्या तासाला सगळ्यांना वहीचं एकेक पान लिहायला सांगितलं: शाळेतली एक गोष्ट, जी फक्त तुला माहीत आहे. पहिल्या नंबरच्या मुलानं दोन पानं भरून शाळेचा इतिहास लिहिला. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं सात-आठ ओळी लिहिल्या. आठवीपर्यंत पोषण आहाराच्या खिचडीत मावशी तिच्या ताटलीतले मटकीचे खडे आधी चमच्यानं बाजूला करायच्या, कारण एकदा खडा लागून तिचा दात दुखावला होता. नववीत गेल्यावर आहार बंद झाला, कारण तो पहिली ते आठवीलाच असतो. तरी मावशी मधल्या सुट्टीत दारात उभ्या राहून विचारायच्या, ‘डबा आणलास का गं?’ मॅडमनी त्या पानावर लाल पेनानं लिहिलं, ‘तू बोलणार.’

ती घाबरली. मग तिनं जे कुणीही केलं असतं तेच केलं. भावाच्या मोबाइलवर ‘दहावी निरोप समारंभ भाषण’ शोधलं आणि दोन रात्री जागून भाषण लिहून आणलं. सातशेच्या आसपास शब्द. त्यात मावशी नव्हत्या. मातीचा गोळा होता.

ते भाषण मॅडमनी मोठ्यानं वाचून घेतलं, मी शेजारी बसून होतो. मराठी सावकाश, माइकवर बोलायचं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या पुढे जाऊ नये. सातशे शब्दांना साडेसहा मिनिटं लागली. मॅडमनी वेळेबद्दल काही म्हटलं नाही. त्यांनी एकच विचारलं, “आईचं बोट धरून या शाळेत आलीस, असं लिहिलंयस. कधी आलीस गं?”

मुलगी बोलता बोलता थांबली. बोटांवर मोजायला लागली. दहावी २०२५-२६, म्हणजे पाचवी २०२०-२१. ही मुलं गावच्या प्राथमिक शाळेतून चौथी करून इथे पाचवीला आली ती जून २०२० मध्ये. तेव्हा शाळा बंद होत्या. प्रवेशाचे कागद वडिलांनी खिडकीतून दिले. वर्ग भरला तो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. मॅडम सकाळी हजेरी घ्यायच्या आणि मुलांनी ‘हजर’ असं टाइप करायचं. तिच्या वाडीत रेंज नव्हती. आईचा फोन घेऊन ती घरामागच्या टेकाडावर जायची, हजर पाठवायची, स्वाध्यायाचा फोटो उतरवून घ्यायची आणि खाली यायची.

“आईचं बोट नव्हे मॅडम,” मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, “आईचा मोबाइल धरून.”

सगळे हसले. मला वाटतं भाषण तिथेच सुरू झालं. त्या हशात त्यांना कळलं, की मोबाइलवरून उतरवून आणलेलं वाक्य त्यांच्याबाबतीत चक्क खोटं आहे. गेल्या कित्येक बॅचेसना ते खपून गेलं होतं, यांना खपणार नव्हतं. राज्यात पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले ते २७ जानेवारी २०२१ पासून. त्या दिवशीचं एकेकाला आठवायला लागलं. पालकांच्या सहीचं संमतीपत्र. दारात कपाळावर धरलेलं तापाचं यंत्र, त्याला सगळे बंदूक म्हणायचे. एका बाकावर एक जण. काही आठवड्यांत दुसरी लाट आली आणि शाळा पुन्हा बंद. नीट भरायला लागली ती सहावीत, ४ ऑक्टोबर २०२१ ला. हिची आज जी जिवलग मैत्रीण आहे, तिचं तोंड हिनं सहावीतच पाहिलं. तोवर मास्कच्या वरचे डोळे आणि ग्रुपवरचा गुलाबाच्या फुलाचा डीपी एवढीच ओळख.

माझ्या मते निरोपाच्या भाषणाची कसोटी एवढीच आहे: त्यातलं एखादं तरी वाक्य दुसऱ्या कुठल्या बॅचला म्हणता येऊ नये. साच्यातल्या वाक्यांनी ओक्साबोक्शी रडलेले समारंभही मी पाहिले आहेत, त्या रडण्याला मी खोटं म्हणत नाही. ते रडणं प्रसंगाचं असतं. वाक्याला कुणी रडत नाही.

दुसरा मसुदा आणला तो तारखांसह. आता अडचण नावांची होती. शिक्षक, लिपिक, शिपाई, प्रयोगशाळेतले दादा धरून सतरा माणसं. ‘आदरणीय’ लावून, पूर्ण नाव घेऊन, पुढे ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणायचं तर एका नावाला चार सेकंद, म्हणजे नुसती नावं घेण्यात मिनिटभराहून जास्त जातं. नाव वगळावं, तर ज्याचं वगळलं तो वर्षभर विसरत नाही. शाळेच्या शिक्षकखोलीत ज्यानं चहा घेतला आहे त्याला हे सांगायला नको. मॅडमनी काढलेला तोडगा साधा होता आणि कुठेही वापरता येईल असा होता. सगळी नावं, पदांसकट आणि ज्येष्ठतेनुसार, सूत्रसंचालन करणारा मुलगा सुरुवातीलाच घेईल. म्हणजे मान देऊन झाला. वक्त्यानं नाव घ्यायचं तर त्या माणसानं केलेलं एक काम सांगायचं. काम आठवत नसेल तर नाव नको.

या नियमानं चार माणसं उरली. बंद शाळेच्या काळात मोटरसायकलवरून वाड्यावाड्यांत जाऊन मारुतीच्या देवळात स्वाध्यायाचे कागद ठेवणारे भूगोलाचे सर. गणिताच्या मॅडम, ज्यांनी आठवीत कुणाच्याही उत्तरावर ‘चूक’ असं लिहिलं नाही, फक्त चुकलेल्या पायरीखाली रेघ मारली. मावशी. आणि घंटा देणारे मामा, जे बोर्डाच्या पेपरची सवय व्हावी म्हणून सराव परीक्षेत शेवटची दहा मिनिटं उरली की एक जादा टोला द्यायचे.

एका सरांना हे आवडलं नाही. ‘बाकीच्यांनी काय गवत उपटलं?’ असं ते म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. त्यांचंही चूक म्हणता येत नाही.

मसुद्यातून दोन गोष्टी कापल्या जाण्याची वेळ आली. पहिली छडीची. सहावीत एका सरांनी हातावर छडी मारली होती आणि ‘ती छडी आज गोड वाटते’ असं तिनं लिहिलं होतं. निरोपाच्या भाषणांतलं हे फार जुनं गाणं आहे. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षेला बंदी आहे आणि समारंभाला संस्थेचे पदाधिकारी येणार होते. मॅडमनी वाक्य खोडलं. मुलीनं विचारलं, “गोड वाटते म्हटलंय ना मॅडम, तक्रार कुठंय?” मॅडम म्हणाल्या, “खरंच गोड वाटते?” ती म्हणाली, “नाही.” वाक्य गेलं.

दुसरी गोष्ट मुलींच्या स्वच्छतागृहाची. तिथल्या टाकीचा कॉक नीट बंद होत नाही, दुपारपर्यंत पाणी वाहून जातं आणि दुपारनंतर मुली घरी जाईपर्यंत थांबतात. हे तिनं ‘शाळेकडे एक विनंती’ म्हणून लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी मसुदा पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “बाळा, हे माझ्याकडे अर्जात दे. निरोपाच्या दिवशी पाहुण्यांसमोर नको.” अर्ज मागच्या वर्षी दिला होता, असं ती म्हणाली नाही. मॅडमही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मसुद्यात ती गोष्ट जागा बदलून आली. विनंती शाळेकडून काढून नववीच्या मुलींकडे वळवली होती. मोठ्या बहिणीनं धाकटीला सांगावं तसं. मुख्याध्यापकांनी पुन्हा वाचलं, हसले आणि काही न खोडता कागद परत दिला. दहावीच्या भाषणाला शिक्षक आणि धाकटी मुलं असे दोन श्रोते एकाच वेळी लाभतात. ज्यांना थेट सांगता येत नाही त्यांना दुसऱ्याकडे बघून सांगायचं, ही सोय या भाषणाइतकी क्वचितच कुठे मिळते. बहुतेक मुलं ती वापरत नाहीत. धाकट्यांना ‘खूप अभ्यास करा, मोठे व्हा’ एवढं सांगून मोकळी होतात.

दोन श्रोत्यांची एक अडचणही आहे आणि ती मांडणीची आहे. आपल्याकडे शिक्षक व्यासपीठावर खुर्च्यांवर बसतात. मुलं खाली सतरंजीवर. बोलणारा व्यासपीठाच्या पुढच्या कडेला उभा राहतो. म्हणजे ज्यांचे आभार मानायचे ते सगळे पाठीमागे. मूल ‘सर, तुम्ही’ म्हणतं आणि समोर नववीचा गोंगाट दिसतो. मान वळवावी तर तोंड माइकपासून दूर जातं आणि आवाज पडतो. रंगीत तालमीत हे लगेच दिसलं. नवं पोडियम आलेलंच होतं, ते मधून काढून व्यासपीठाच्या डाव्या टोकाला तिरकं ठेवलं. तिथून डावीकडे मुलं, उजवीकडे खुर्च्या, माइक मधे, तोंडापासून वीतभर. आवाजाची पेटी माइकच्या मागे होती, ती पुढे नेली. पेटीतला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, आणि शिट्टी वाजली की पोरं हसतात.

राहता राहिलं रडू. रडू येताना आवाज का जातो, याचं कारण गळ्यात आहे. शरीर जास्त हवा घेण्यासाठी स्वरयंत्राची फट उघडी ठेवू पाहतं आणि बोलायला किंवा आवंढा गिळायला तीच फट मिटावी लागते. या ओढाताणीला आपण गळा दाटणं म्हणतो. इच्छाशक्तीनं ते थांबत नाही. वाक्य रेटत नेलं तर आवाज चिरका होतो आणि मग खरंच थांबावं लागतं. मॅडमनी तिला मोठ्यानं तीन-चारदा वाचायला लावलं आणि जिथे आवाज हलेल तिथे पेन्सिलीनं उभी रेघ मारायला सांगितली. रेघ आली की थांबायचं, पूर्ण श्वास सोडायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, मग पुढचं वाक्य. रेघ दर वेळी मावशींच्या ‘डबा आणलास का गं’वरच येत होती. ते भाषणाच्या शेवटी होतं. मॅडमनी ते उचलून मधे आणलं आणि त्याच्या मागे मामांच्या जादा टोल्याचं, हसू येईल असं वाक्य लावलं. शेवट कोरडा ठेवला. कागद पुठ्ठ्यावर डकवला, कारण थरथरणारा कागद माइकमध्ये ऐकू येतो.

तिच्या भावाबद्दल सांगायचं राहिलं, ज्याच्या मोबाइलवर पहिलं भाषण शोधलं होतं. तो याच शाळेतून २०२१ मध्ये दहावी झाला. ती महाराष्ट्रातली अशी एक बॅच आहे, की जिला बोर्डाची परीक्षाच द्यावी लागली नाही. आधीच्या, म्हणजे २०२० च्या बॅचचा फक्त भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, यांची सगळीच परीक्षा २० एप्रिल २०२१ ला रद्द झाली. निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला, त्यात निम्मा वाटा नववीच्या गुणांचा होता. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. पुढची दोन वर्षं जो भेटेल तो ‘कोरोना बॅच ना?’ म्हणून हसायचा. या शाळेत त्यांचा निरोप समारंभही झाला नाही. भाऊ आता चाकणला कंपनीत आहे. बहिणीचं भाषण त्यानं फोनवर ऐकलं आणि एवढंच म्हणाला, “आमचंच शेवटचं जे काय झालं ते ग्रुपवर झालं. सर ग्रुपमधनं बाहेर पडले, आम्ही पण पडलो.” ते वाक्य तिला भाषणात घ्यायचं होतं. मॅडमनी घेऊ दिलं.

समारंभ नेहमीप्रमाणे तासभर उशिरा सुरू झाला. मुली साड्या नेसून आल्या होत्या, मुलं कुर्त्यात. समई, सरस्वतीची प्रतिमा, ईशस्तवन, स्वागतगीत. नववीच्या मुलाचं भाषण झालं, मातीच्या गोळ्यासकट. मग ही उठली. सुरुवात अशी होती: “सर, मॅडम आणि नववीपर्यंतच्या सगळ्यांनो. आम्ही या शाळेत पहिल्यांदा आलो तेव्हा शाळा बंद होती.”

सतरंजीवरची कुजबुज थांबली. देवळातल्या स्वाध्यायांचं सांगताना ती उजवीकडे वळली, भूगोलाच्या सरांनी खाली पाहिलं. मावशींचं वाक्य ती सरळ म्हणून गेली, पेन्सिलीच्या रेघेवर थांबलीही नाही. मामांच्या टोल्यावर हशा झाला. मग हजेरीचं आलं. तालमीत या जागी कधीच काही झालं नव्हतं. “मॅडम आमची नावं टाकायच्या आणि आम्ही खाली लिहायचो,” एवढं म्हणाली आणि पुढचा ‘हजर’ हा शब्द तिला उच्चारता येईना. माइकवर नुसता श्वास ऐकू येत होता. तिनं पाणी प्यायलं. तेवढ्यात दहावीच्या रांगेतून तो मागच्या बाकावरचा पोरगा मोठ्यानं ओरडला, “हजर!” आणि मग सगळा वर्गच. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, आणि ठरवलं असतं तर वाईट दिसलं असतं.

त्यानंतर तिनं भावाच्या ग्रुपचं सांगितलं आणि नववीच्या मुलींकडे वळून टाकीचं. कॉक पूर्ण उजवीकडे फिरवून मग थोडा मागे घ्यायचा, तरच तो बसतो. हे आम्हाला कळायला तीन वर्षं लागली, तुम्हाला आजच सांगते. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी मुख्याध्यापकांकडे वाकून काहीतरी विचारलं. मुख्याध्यापकांनी मान हलवली. भाषण संपलं तेव्हा माझ्या घड्याळात सव्वाचार मिनिटं झाली होती. माफी मागितली नाही, ‘दोन शब्द’ संपवले नाहीत, नुसतं ‘येतो आम्ही’ म्हणून खाली उतरली.

अध्यक्षीय भाषणाला पंचवीस मिनिटं लागली. त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही. मग हॉल तिकिटं वाटली. परीक्षेला किती आधी पोचायचं, कुठल्या शाईचं पेन आणायचं, हे गणिताच्या मॅडमनी सांगितलं. जेवणं झाली. शर्टांवर सह्या झाल्या. गुलाबजाम कमी पडले, यावरून नववीत भांडण झालं.

हात धुताना ज्यानं मातीच्या गोळ्याचं भाषण केलं होतं तो नववीतला मुलगा तिच्याजवळ आला. म्हणाला, “ताई, तो पुठ्ठा मला ठेव ना, पुढच्या वर्षी मलाच बोलायला लावतील.”

“तुला चालायचा नाही तो,” ती म्हणाली. “तुम्ही पाचवीला कधी आला?”

तो बोटांवर मोजायला लागला.

“एकवीसला आलास. जूनमधे तुमचंही ग्रुपवरच होतं, पण चार ऑक्टोबरला तुम्ही शाळेत आलात. त्या दिवशी आम्ही सहावीत होतो, तुमच्या आधी अर्धा तास येऊन बाकं पुसली होती. तुझ्या बाकावर कोण होतं शेजारी?”

“कोणीच नव्हतं. एकाला एक बाक होता.”

“मग तिथनं लिही,” असं म्हणून तिनं पुठ्ठा पिशवीत घातला.